दोघांची वेळ ९.४, पण धाव वेगळी

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'गतीचे नियम'. दरवर्षी जूनमध्ये आमच्या विज्ञानाच्या मॅडम फळ्यावर अंतर-कालाचा आलेख काढतात आणि त्याच आठवड्यात मी मैदानावर पोरांना ६० मीटर पळवतो. मागच्या वर्षी स्टाफरूममध्ये मॅडम म्हणाल्या, "सर, माझ्या आलेखातली गाडी खोटी आहे. तुमची पोरं खरी आहेत. त्यांचाच आलेख काढू या ना." तिथून हे सुरू झालं.

पहिला बेत फार साधा वाटला. मैदानावर फक्कीने दर १० मीटरवर रेघ मारली आणि सहा रेघांवर सहा पोरं मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभी केली. मी शिट्टी मारली की सगळ्यांनी घड्याळ चालू करायचं आणि पळणारा आपल्या रेघेवरून गेला की बंद करायचं. एका मुलीच्या वेळा अशा आल्या: २.४, ४.१, ५.२, ७.१, ८.४, १०.२ सेकंद. मॅडमनी एकातून एक वजा करायला सांगितलं. म्हणजे पहिल्या १० मीटरला २.४, मग १.७, मग १.१, मग १.९, मग १.३ आणि शेवटी १.८. एक पोरगी लगेच म्हणाली, "सर, ही मधेच थांबून परत पळाली का?" थांबली नव्हती, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

मग चूक कुठली? मला वाटलं, रेघा चुकल्या असतील. टेप लावून परत मोजल्या, त्या बरोबर होत्या. तेव्हा घड्याळंच तपासायची ठरवली. सहाही जणांना २० मीटरच्या एकाच रेघेवर ओळीने उभं केलं आणि एकाच मुलीला एकदाच पळवलं. सहा घड्याळांवर सहा वेळा: ३.७, ३.९, ३.९, ४.०, ४.०, ४.१. धाव एकच, तरी कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेळेत ०.४ सेकंदांचा फरक! कोणी शिट्टी ऐकून जरा उशिरा बटण दाबतं, कोणी धावणारी जवळ येताना दिसते म्हणून रेघेआधीच दाबतं. १० मीटरला पोरांना जेमतेम दीड-पावणेदोन सेकंद लागतात. त्यात ०.४ ची गफलत म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. आमच्या आलेखावरचे सगळे चढउतार धावणाऱ्या मुलीचे नव्हते, घड्याळ धरणाऱ्या बोटांचे होते.

शिट्टीचा घोळ मॅडमनी दाखवला. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे ६० मीटरवरच्या पोराला शिट्टी सुमारे ०.१७ सेकंद उशिरा ऐकू येते, २० मीटरवरच्याला ०.०६. त्यामुळे लांबच्या घड्याळाची वेळ आपोआप कमी भरते. तेव्हापासून मी शिट्टी सोडली आणि लाल झेंडी खाली आणायला लागलो. झेंडी सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. पोरांना एवढंच बजावलं की आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही, झेंडीवर नजर ठेवायची.

दुसरा बदल मोठा होता. १० मीटरचे तुकडे सोडून २० चे केले आणि प्रत्येक रेघेवर दोन-दोन घड्याळं लावून सरासरी घेतली. बिंदू सहाऐवजी तीनच मिळाले, पण त्यांच्यावर विश्वास ठेवता आला. तरीही ०.१ सेकंदाच्या फरकावरून कोणाबद्दल काही बोलायचं नाही, असं आम्ही वर्गात ठरवून टाकलं.

वर्गात ४८ मुलं आणि तास ३५ मिनिटांचा. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकेक करून पळवलं आणि बाकीची पोरं नुसती बसून राहिली. खेळाच्या तासाला पोरं बसलेली मला खपत नाहीत. पुढच्या तासापासून एका वेळी सहाच धावपटू आणि सहा घड्याळवाले, उरलेले खो-खोला. महिन्यात सगळ्यांच्या वेळा आल्या. नावांऐवजी छातीवरचे नंबर लिहिले, कारण शेवटच्या पोराचं नाव भिंतीवर लागलं तर ते पुढच्या वेळी पळायलाच येत नाही.

आलेख कागदावर उतरवताना एक चूक बहुतेकांनी केली. ४.०, ७.०, १०.१ या वेळा आडव्या अक्षावर सारख्याच अंतरावर मांडल्या, जणू त्या पहिली, दुसरी, तिसरी अशा ओळीने येतात. मग ज्याचा त्याचा आलेख सरळ रेघ! एका पोराने स्वतःच विचारलं, "सर, सगळे सारख्याच वेगाने पळाले का?" तेव्हा मॅडमनी एका सेकंदाला एक सेंटिमीटर असं प्रमाण घ्यायला लावलं आणि रेघा वाकायला लागल्या.

आणि मग ते दोन आलेख समोर आले, ज्यासाठी मी हे लिहितोय. ४ नंबर आणि ११ नंबर, दोघांनाही ६० मीटरला ९.४ सेकंद. माझ्या वहीत इतकी वर्षं मी फक्त शेवटची वेळ लिहायचो. त्या वहीत ही दोन पोरं सारखीच ठरली असती. पण ४ नंबरच्या वेळा होत्या ३.५, ६.३, ९.४ आणि ११ नंबरच्या ३.९, ६.७, ९.४. ४ नंबरला मधल्या २० मीटरला २.८ सेकंद लागले आणि शेवटच्या २० ला ३.१. ११ नंबरला तिथेच २.८ आणि २.७. म्हणजे एक सुरुवातीला पुढे आणि शेवटी मंद, दुसरा सुरुवातीलाच मागे.

पोरांनी लगेच ठरवलं की ४ नंबर दमतो. मॅडमनी २००९ च्या बर्लिनमधल्या उसेन बोल्टच्या वेळा फळ्यावर लिहिल्या: दर २० मीटरला २.८९, १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६. तोसुद्धा शेवटच्या २० मीटरला किंचित मंदावतो, पण ८० मीटर पळाल्यावर. आमचं पोर ४० मीटरला दमतंय हे मला पटेना. मी त्याला बाजूने पळताना पाहिलं. शेवटची रेघ चार-पाच पावलांवर आली की तो थांबायच्या तयारीला लागायचा, छाती मागे जायची. मी ६५ मीटरवर एक झेंडी रोवली आणि सांगितलं, झेंडीपर्यंत पळायचं, रेघ विसरायची. वेळा आल्या ३.५, ६.३, ९.१. दोन दिवसांनी परत घेतल्या तरी शेवटचा तुकडा २.८ च्या आसपासच राहिला.

११ नंबरचं दुखणं सुरुवातीत होतं. तो दोन्ही पाय जुळवून, ताठ उभा राहायचा. मी पुढचा पाय रेघेला, मागचा दोन पावलं मागे आणि विरुद्ध हात पुढे करायला लावला. अंग पुढे झुकलेलं, पहिली पावलं लहान. 'जमीन मागे ढकल, ती तुला पुढे ढकलेल,' हा न्यूटनचा तिसरा नियम त्याने त्याच आठवड्यात वाचला होता. तीन आठवड्यांनी त्याच्या वेळा होत्या ३.६, ६.४, ९.१.

त्याने जुन्या आलेखाच्या कागदावरच लाल पेनाने नवी रेघ काढली. पहिल्या २० मीटरनंतर दोन्ही रेघा समांतर जात होत्या. तो मॅडमना म्हणाला, "म्हणजे मी पुढे काहीच नवीन केलं नाही, फक्त सुरुवातीचे तीन दशांश वाचवले." मग माझ्याकडे वळून विचारलं, "सर, आता ४० नंतरचे वाचवायला काय करायचं?"