शीर्षकातला ‘परिणाम’ कुठून आला?

“मॅडम, पेपर लिहून तयार आहे, फक्त शीर्षक आणि कीवर्ड राहिलेत. ते तुम्ही कसे ठरवता?”

मी आधी पेपरमधला पद्धतीचा भाग वाचते, निष्कर्ष नंतर. निष्कर्ष लिहीपर्यंत लेखक आपल्या कामाच्या प्रेमात पडलेला असतो. पद्धतीच्या भागात मात्र काय मोजलं, कोणात आणि कसं, एवढंच असतं, आणि शीर्षकाला लागतं तेही एवढंच.

मागे एका विद्यार्थिनीने शीर्षक आणलं होतं. पेपर इंग्रजीत होता, पण शीर्षकाचा आशय असा: ‘विविध रुग्णालयांतील रात्रपाळीचा परिचारिकांच्या झोपेवर व मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम: एक सखोल प्राथमिक अभ्यास’. सखोल आणि प्राथमिक एकाच वेळी कसं, हे तिलाही सांगता येईना. ते दोन्ही शब्द गेले, ‘एक’ गेला. ‘अभ्यास’ही गेला, कारण शोधनिबंध आहे म्हणजे अभ्यास केलेला असणारच. रुग्णालयं होती दोन, म्हणून ‘विविध’ गेला. इथवर काम सोपं होतं.

अडलं ते ‘परिणाम’पाशी. तिने परिचारिकांकडून प्रश्नावल्या एकदाच भरून घेतल्या होत्या. झोपेसाठी पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स, चिंतेसाठी जीएडी-७. रात्रपाळी सुरू होण्याआधी त्यांची झोप कशी होती, हे कुठेच नोंदलेलं नव्हतं. दिवसपाळीतल्या परिचारिका तुलनेला घेतलेल्या नव्हत्या. मग झोप रात्रपाळीमुळे बिघडली हे कशावरून म्हणायचं? परिणाम म्हटलं की कारण सिद्ध केल्याचा दावा येतो, आणि परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो. ‘मानसिक आरोग्य’ही मोठंच होतं. मोजली होती फक्त चिंता.

उरलं ते हे: ‘रात्रपाळीतील परिचारिकांमधील झोपेचा दर्जा आणि चिंता: क्रॉस-सेक्शनल सर्वेक्षण’. अपूर्णविरामानंतर अभ्यासाचा प्रकार येतो, ही सजावट नव्हे. अनेकजण शोधताना प्रकारानेच गाळणी लावतात. यादृच्छिक चाचणी असेल तर तसं शीर्षकातच सांगावं, असं कॉन्सॉर्टची नियमावली सांगते. पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्माही तेच सांगते.

आता कीवर्ड. तिने शीर्षकातलेच चार शब्द उचलून खाली ठेवले होते. असं बहुतेकजण करतात आणि जागा वाया घालवतात. पबमेडमध्ये शीर्षक, सारांश आणि लेखकाने दिलेले कीवर्ड हे सगळं [tiab] लावून एकत्र शोधता येतं. शीर्षकात आलेला शब्द तसाही सापडणार आहे. कीवर्डने उचलायचे ते शीर्षकात न मावलेले शब्द. समजा, कुणी असं शोधलं:

```
"shift work"[tiab] AND nurses[tiab]
```

तिच्या इंग्रजी शीर्षकात ‘नाइट शिफ्ट’ होतं, ‘शिफ्ट वर्क’ नव्हतं, सारांशातही नव्हतं. विषय तंतोतंत तोच, तरी पेपर या यादीत आला नसता. कीवर्डमध्ये तो एक शब्दप्रयोग घातला की येतो.

असे शब्द मनाने काढायचे नाहीत. आपल्याच संदर्भसूचीतले सगळ्यात जवळचे तीन पेपर पबमेडवर उघडायचे आणि खालच्या मेश संज्ञा बघायच्या. मेश म्हणजे तिथली ठरावीक विषयसंज्ञांची यादी. सगळ्याच नियतकालिकांतल्या लेखांना या संज्ञा लावल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर न राहता जुळणाऱ्या संज्ञा आपणच कीवर्डमध्ये द्याव्यात. तिची यादी शेवटी अशी झाली:

```
shift work schedule; shift work; nursing staff, hospital;
Pittsburgh Sleep Quality Index; GAD-7
```

तिला यात ‘इन्सोम्निया’ही हवा होता, लोक तो जास्त शोधतात म्हणून. शोधतात हे खरं. पण पिट्सबर्गच्या प्रश्नावलीत ५ पेक्षा जास्त गुण आले तर झोपेचा दर्जा खराब म्हणतात. निद्रानाशाचं निदान त्यावरून होत नाही. निद्रानाश शोधत आलेला वाचक सारांश वाचून परत गेला असता.

हे मी शहाणपणाने सांगते आहे, पण माझ्या पहिल्या पेपरचं शीर्षक म्हणजे एक शाब्दिक कोटी होती. विषयाचा एकही शब्द त्यात नव्हता. दोन वर्षांनी मला तो उद्धृत करायचा होता, तर विषयाच्या शब्दांनी शोधून मलाच सापडेना. शेवटी स्वतःचं नाव टाकून काढला.

यादी झाली की दोन-दोन कीवर्ड जोडून शोधून बघायचं. पहिल्या पानावर आपल्या संदर्भसूचीतले ओळखीचे पेपर दिसले तर शब्द बरोबर बसले. हजारो भलतेच लेख आले तर शब्द फार ढोबळ आहे. तिने बघितलं तेव्हा सूचीतले दोन पेपर वरच होते. ‘परिणाम’ तिने मुकाट्याने काढला होता. ‘सखोल’ काढल्याचं मात्र तिला अजूनही वाईट वाटतं.