सायकलच्या पुढच्या हबची यादी तयार, काम सुरू

पावसाळाभर सायकलवर अंबाझरीकडच्या फेऱ्या झाल्या आणि पुढच्या चाकाला खरखर लागली. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवला तर मध्येच अडकल्यासारखा वाटतो, म्हणजे ग्रीस गेलंय. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडायचा एक चांगला व्हिडिओ मिळाला, पण तो पाहत पाहत काम करायचं म्हणजे ग्रीसच्या हातांनी मोबाइल. म्हणून आधी त्यातल्या सामानाची आणि पायऱ्यांची यादी केली.

सामान लिहिताना बोलणं बंद ठेवून फक्त हात पाहिले. शिकवणारा १३ चा पाना म्हणतो, पण पडद्यावर दिसतो तो पातळ कोन पाना. कोन म्हणजे छर्रे जागेवर धरणारा एक्सलवरचा नट; साधा पाना तो आणि त्याला अडवणारा लॉकनट यांच्या मधल्या फटीत जातच नाही. सुट्ट्या भागांत नवे छर्रे धरले: माझ्या हबला ३/१६ इंचाचे, प्रत्येक बाजूला १०. सीताबर्डीच्या दुकानदारानं बजावलं, "भाऊ, जुने अन् नवे मिसळू नका, पूर्ण सेटच बदला." बरोबर आहे; झिजलेले छर्रे किंचित लहान असतात, मग सगळा भार नव्यांवर येतो.

पायऱ्यांमध्ये खरा वेळ गेला तो कटच्या जागी. एका दृश्यात दोन्ही लॉकनट जागेवर आहेत, पुढच्यात एक्सल बाहेर. मागे-पुढे करून पाहिलं तर त्यानं डावीकडचाच कोन सोडवलाय, उजवीकडचा कोन आणि लॉकनट एक्सलवर तसेच आहेत. ही ओळ यादीत ठळक केली, कारण दोन्ही बाजू सुटल्या तर एक्सल पुन्हा मधोमध बसवत बसावं लागतं. त्याखाली लिहिलं: 'एक्सल ओढण्याआधी खाली फडकं अंथरा, छर्रे मोजा.' कप आणि कोनही पुसून पाहायचे. कोनावर खड्डे दिसले तर नुसतं ग्रीस भरून खरखर जाणार नाही, कोन बदलावाच लागेल.

सगळ्यात महत्त्वाचा फरक शेवटच्या पायरीत आहे. व्हिडिओत कोन बसवताना थोडा खेळ ठेवायला सांगितलाय. ते त्याच्या सायकलसाठी योग्य आहे: तिथे क्विक रिलीज आहे, लिव्हर दाबला की एक्सल किंचित दाबला जातो आणि खेळ निघून जातो. माझ्या सायकलला नट आहेत. ते फोर्कचा पत्रा लॉकनटवर आवळतात, दोन कोनांमधला एक्सल दाबत नाहीत, त्यामुळे ठेवलेला खेळ तसाच राहील. म्हणून माझ्या यादीत ती पायरी बदलली: खेळ शून्य, पण एक्सल बोटांनी सहज फिरला पाहिजे. कोन धरून लॉकनट आवळायचा आणि पुन्हा तपासायचं, कारण आवळताना कोन थोडा सरकतोच. चाक बसवल्यावर रिम बाजूला हलवून पाहायची; टकटक जाणवली तर परत कोनाकडे.

छर्रे, ग्रीस आणि कोन पाना आणलेत, रविवारी सकाळी उघडतो. त्यानंतर मागच्या हबची यादी. तिथे पहिली ओळ फ्रीव्हीलच्या खाचा पाहण्याची राहील, कारण रिमूव्हर त्या खाचांप्रमाणेच घ्यावा लागतो.