पहाटे गप्प होणारा सेन्सर

त्या शेतावर मातीतला ओलावा मोजणारे ३८ सेन्सर आहेत. प्रत्येक सेन्सर दर २० मिनिटांनी रेडिओवरून एक छोटा संदेश पाठवतो. त्यात ओलावा, डब्यातलं तापमान आणि बॅटरीचं व्होल्टेज असतं. हे संदेश गेटवे पकडतो, सर्व्हरवर ते साठतात आणि त्यावरून ठिबकचे व्हॉल्व्ह उघडतात, बंद होतात. सेन्सर जिवंत आहेत की नाहीत हे पाहणं माझ्याकडे आहे. त्यासाठी माझ्या पडद्यावर दोनच रकाने होते: शेवटचा संदेश कधी आला आणि त्यात व्होल्टेज किती होतं. शेवटच्या संदेशाला २४ तास उलटले किंवा व्होल्टेज ३.३ च्या खाली गेलं, की ओळ लाल व्हायची. त्या दिवशी सगळ्या ३८ ओळी हिरव्या होत्या.

पाणी पाहणाऱ्या काकांचा फोन आला. म्हणाले, "खालच्या प्लॉटात आज परत पाय रुततायत. परवाही तसंच झालं होतं. व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीये."

मी व्हॉल्व्हची नोंद काढली. खालच्या प्लॉटाला एरवी ३०-३५ मिनिटं पाणी पुरतं. त्या पहाटे व्हॉल्व्ह ४:३० ला उघडला आणि बरोबर ६:०० वाजता बंद झाला. ९० मिनिटं ही आम्ही घालून ठेवलेली कमाल मर्यादा आहे. म्हणजे पुरेसा ओलावा झाल्याचा निरोप व्हॉल्व्हला मिळालाच नाही, मर्यादा संपली म्हणून तो थांबला. मला वाटलं त्या प्लॉटातल्या १७ नंबरच्या सेन्सरचा दांडा मातीपासून सुटला असेल. दुपारी एकच्या सुमारास शेतावर पोचले, १७ नंबरचा डबा उघडला, दांडा तपासला, सेलवर मीटर लावला. मीटरने ३.६२ दाखवलं. मी तिथे असतानाच एक संदेशही व्यवस्थित गेला. डबा बंद करून मी परतले. ती फेरी वाया गेली, कारण ज्या वेळी बिघाड नसतो नेमक्या त्याच वेळी मी पाहायला गेले होते.

संध्याकाळी आदल्या रात्रीचे संदेश एकाखाली एक लावले. १७ नंबरचा संदेश २:१० ला आला होता, त्यानंतरचा थेट ९:३० ला. मध्ये सात तास वीस मिनिटं शांतता, २१ संदेश गायब. २:१० ला ओलावा पाणी सुरू करण्याच्या रेषेखाली होता. व्हॉल्व्हचा प्रोग्राम ४:३० पासून ६:०० पर्यंत तोच जुना आकडा धरून बसला आणि पाणी सोडत राहिला. मी मात्र रोज दहा-अकराला पडदा उघडायचे. तोपर्यंत सेन्सर परत बोलू लागलेला असायचा आणि "शेवटचा संदेश: ८ मिनिटांपूर्वी" असं दिसायचं.

माझ्या तपासणीतली खोट इथे होती. मी फक्त शेवटच्या संदेशापासून आत्तापर्यंतचा वेळ बघत होते. होऊन गेलेली, भरून निघालेली शांतता त्यात दिसतच नाही. लागोपाठच्या दोन संदेशांमधलं अंतर काढायला हवं होतं. मग तेच काढलं:

```sql
SELECT sensor_id, received_at, batt_v, fcnt,
       received_at - LAG(received_at) OVER w AS gap,
       LAG(fcnt) OVER w AS prev_fcnt
FROM uplink
WINDOW w AS (PARTITION BY sensor_id
             ORDER BY received_at);
```

दोन तासांपेक्षा मोठं अंतर वेगळं काढलं तर गेल्या अकरा दिवसांत तशा पाच सेन्सरांच्या ओळी आल्या, आणि सगळ्या पहाटेच्या. त्याच वेळी त्याच गेटवेखालचे बाकीचे सेन्सर बोलत होते, त्यामुळे गेटवे किंवा इंटरनेट बंद पडल्याची शंका तिथेच संपली.

दोन तास हा आकडा कुठून आला तेही सांगते. आमच्याकडे साधारण दहातला एक संदेश हवेतच हरवतो. लागोपाठ तीन हरवण्याची शक्यता हजारात एक. ऐकायला ती कमी वाटते, पण ३८ सेन्सर दिवसाला मिळून २,७३६ संदेश पाठवतात. म्हणजे रोज दोन-तीन खोट्या हाका येणार, आणि आठवड्याभरात त्या हाकांकडे कोणी बघेनासं होणार. लागोपाठ सहा हरवण्याची शक्यता दहा लाखांत एक, म्हणून सहा संदेशांचा वेळ, दोन तास. हा हिशेब प्रत्येक संदेश स्वतंत्रपणे हरवतो असं धरून केलेला आहे. पावसाळी हवेत किंवा मध्ये ट्रॅक्टर उभा असेल तर संदेश गटागटाने हरवतात, त्यामुळे खोट्या हाका हिशेबापेक्षा थोड्या जास्तच येतात. तरी चोवीस तासांपेक्षा हे कितीतरी बरं.

आता या पाचांना झालं काय? इथे संदेशाचा क्रमांक कामाला आला, वरच्या कोडमधला `fcnt`. प्रत्येक संदेशागणिक सेन्सर तो एकने वाढवतो. संदेश हवेत हरवला तरी पाठवणाऱ्याकडे आकडा वाढलेलाच असतो. दोन सेन्सरांचे आकडे शांततेनंतर वीस-बावीसने पुढे गेलेले होते. म्हणजे ते रात्रभर बोलत होते, ऐकू मात्र कोणाला जात नव्हतं. त्यांचे पोहोचलेले संदेशही ऐकू येण्याच्या अगदी काठावर होते. पीक वाढून अँटेना पानांच्या आत गेला होता आणि पहाटेच्या दवाने ओल्या झालेल्या पानांनी उरलासुरला सिग्नल खाल्ला. काठ्या मीटरभर उंच केल्यावर ते दोघे सुरळीत झाले.

उरलेल्या तिघांचा आकडा शांततेनंतर शून्यापासून सुरू झाला होता. हे तिघे पहाटे खरोखर बंद पडत होते आणि सकाळी नव्याने सुरू होत होते. त्यांचा व्होल्टेजचा आलेख मात्र जवळजवळ सपाट. १७ नंबरचा दुपारचा आकडा ३.६१, शांततेआधीचा शेवटचा ३.५८. या तीन शतांश व्होल्टकडे बघून कोणीही सेल बदलला नसता.

दोन गोष्टी लक्षात यायला मला ती रात्र लागली. पहिली, आमचे सेल लिथियम थायोनिल क्लोराइडचे आहेत. त्यांचं व्होल्टेज आयुष्यभर ३.६ च्या आसपास राहतं आणि अगदी शेवटी एकदम कोसळतं, त्यामुळे किती जीव उरलाय हे त्यावरून कळत नाही. सेल जुना होताना वाढतो तो त्याचा आतला रोध, आणि थंडीत तो आणखी वाढतो. आमचा बोर्ड व्होल्टेज मोजतो झोपेतून उठल्या उठल्या, रेडिओ सुरू व्हायच्या आधी, जेव्हा सेलवर जवळजवळ भारच नसतो. रेडिओ संदेश पाठवताना सुमारे ९० मिलिअँपिअर ओढतो, आणि खरी घसरण त्या क्षणी होते.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करून गेली. व्होल्टेजचा आकडा संदेशातूनच येतो. संदेश पाठवण्याइतका जोर सेलमध्ये नसेल त्या वेळचा आकडा येणारच नाही. म्हणजे माझा आलेख फक्त सेलच्या चांगल्या क्षणांचा होता. सगळ्यात वाईट क्षण त्यात रिकाम्या जागा म्हणून होते, आणि आलेख काढणारा प्रोग्राम त्या जागांवरून सरळ रेष ओढून देत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला काका आणि मी खालच्या प्लॉटात होतो. शेताचा हा भाग खोलगट आहे आणि रात्री थंड हवा उतरून तिथे साठते. १७ नंबरच्या शेवटच्या संदेशात डब्यातलं तापमान ६ अंश होतं, वरच्या प्लॉटात त्याच वेळी १०. सेल सगळीकडे एकाच वेळी घातलेले, पण बंद पडणारे तिन्ही सेन्सर या खोलगटातले. डबा उघडला. बोर्ड नव्याने सुरू होताना त्याचा दिवा तीनदा लुकलुकतो. आमच्यासमोर तो तीनदा लुकलुकला, रेडिओने नेटवर्कमध्ये शिरायचा प्रयत्न केला, दिवा विझला, आणि जरा वेळाने पुन्हा तीनदा. रात्रभर हेच चाललं होतं. प्रत्येक प्रयत्नाला सेल थोडा आणखी रिकामा होत होता.

मी सेल काढून परत बसवला. काही फरक नाही, म्हणजे दोष सैल जोडणीचा नव्हता. मग काका म्हणाले, "गारठलाय तो. आणा इकडं." त्यांनी सेल मुठीत धरला आणि हात शालीखाली घेतला. दहाएक मिनिटांनी तो परत बसवला. दिवा तीनदा लुकलुकला आणि पुढे विझला नाही. माझ्या फोनवर १७ नंबरचा संदेश आला, क्रमांक शून्य, व्होल्टेज ३.६०. अंधारात आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत होतो.

ऑफिसात त्याच सेलवर ३३ ओहमचा रोध लावून मोजलं. खोलीच्या तापमानाला ३.६२ वरून २.९५ झालं. दोन तास फ्रिजमध्ये ठेवून परत मोजलं तर २.३५. आमचा बोर्ड २.५ च्या खाली गेला की स्वतःला बंद करून नव्याने सुरू होतो. कोरा सेल त्याच रोधाखाली ३.३ वर टिकला. भार न लावता मोजलं तर नवा-जुना फरक मीटरवर जवळजवळ दिसत नाही.

त्या आठवड्यात तीन बदल केले. ओलाव्याचा आकडा ४० मिनिटांहून जुना असेल तर व्हॉल्व्ह आता त्याच्यावर विसंबत नाही, ३५ मिनिटं पाणी देऊन थांबतो. माझ्या पडद्यावर गेल्या २४ तासांतलं सगळ्यात मोठं अंतर आणि क्रमांक कितीदा शून्यावर आला हे रकाने आले. आणि बोर्ड आता संदेश संपता संपता, रेडिओ चालू असतानाच व्होल्टेज मोजून ठेवतो आणि पुढच्या संदेशात पाठवतो. यातही एक उणीव आहे. बोर्ड मध्येच बंद पडला तर ते शेवटचं, सगळ्यात खालचं मोजमाप पुसलं जातं. म्हणून हा आकडा सेल मरताना नाही, त्याच्या काही आठवडे आधी बघायचा असतो, आणि तोही पहाटेचा.

पंधरा दिवसांनी २९ नंबरचा पहाटेचा भाराखालचा आकडा २.८ आला. शेजारचे सगळे ३.२ च्या वर होते. त्याचं एकही अंतर ४० मिनिटांपलीकडे गेलेलं नव्हतं आणि क्रमांक सलग चालू होता. काकांना फोन केला. त्यांनी दुपारी सेल बदलला.