आडवी रेघ

आमच्या घरी पिशवीचं दूध आलं की आई ते तापवते. उतू जाण्याच्या बेताला आणते, गॅस बारीक करते आणि मग आणखी दोन मिनिटं तिथंच उभी राहते. मी डेअरीत काम करते, त्यामुळे हे बघून माझा जीव कासावीस होतो. "अगं, ते पाश्चराइज्ड आहे," असं मी गेली सात वर्षं सांगतेय. "असेल," असं ती गेली सात वर्षं म्हणतेय.

त्या संध्याकाळी मी पुण्याजवळच्या एका डेअरीत मुलाखत देऊन एसटीनं घरी पोचले होते. पद क्वालिटी विभागातलं. मुलाखत छान झाली होती, निदान मला तसं वाटत होतं. हातात चहाचा कप, समोर गॅसवर दूध, आणि मी सवयीनं म्हणाले, "अगं, इतकं तापवलंस तर त्यातलं पेरॉक्सिडेजसुद्धा मरतं." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि चहा घशात अडकला. कारण दुपारी मी तिथं बरोबर उलटं सांगून आले होते.

प्रश्न साधा होता. पॅनेलवर तिघे होते, त्यातल्या पांढऱ्या मिशीच्या सरांनी विचारलं, "दूध नीट पाश्चराइज झालंय हे लॅबमध्ये कसं बघाल?" मी तत्काळ उत्तर दिलं, "पेरॉक्सिडेज निगेटिव्ह यायला हवं, सर." त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न टाकला. ती मान मी होकाराची समजले होते.

घोळ काय झाला ते सांगते. कच्च्या दुधात निसर्गतः काही एन्झाइम्स असतात. त्यातली दोन डेअरीवाल्यांच्या रोजच्या कामाची. पहिलं अल्कलाइन फॉस्फेटेज. दूध ७२ अंशांना १५ सेकंद राहिलं की हे नष्ट होतं. क्षयाचे जंतू मरायला जेवढी उष्णता लागते त्याहून याला किंचित जास्त लागते, म्हणून ते गेलं की जंतूही गेले असं धरता येतं. फॉस्फेटेज निगेटिव्ह म्हणजे पाश्चरायझेशन झालं. दुसरं पेरॉक्सिडेज. हे चिवट. ७२ अंशांना त्याला फारसं काही होत नाही; साधारण ८० अंशांच्या वर गेल्यावरच ते हार मानतं. म्हणजे नीट पाश्चराइज झालेल्या दुधात पहिलं निगेटिव्ह आणि दुसरं पॉझिटिव्ह असायला हवं.

मग मी उलटं का बोलले? आधीची चार वर्षं मी दही-श्रीखंडाच्या एका छोट्या युनिटमध्ये होते. दह्याचं दूध ९० अंशांपर्यंत तापवतात, दही घट्ट लागावं म्हणून. तिथं आम्ही पेरॉक्सिडेजच बघायचो आणि ते निगेटिव्हच यायला हवं असायचं. चार वर्षं रोज सकाळी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि रंगद्रव्याचे दोन थेंब टाकून निळं होत नाही ना, एवढंच बघितलं. जिभेला तेवढंच पाठ झालं होतं.

चूक छोटी म्हणून सोडून द्यावी का, याचा विचार मी रात्रभर केला. मुलाखतीत आपण कितीतरी गोष्टी वाईट बोलतो. "तुमची कमजोरी काय?" याला मी काहीतरी पुळचट उत्तर दिलं होतं, पगाराचा आकडा सांगताना चाचरले होते. त्यासाठी कोणी पत्र लिहीत नाही, लिहूही नये. ते उत्तर पुन्हा एकदा, जरा बरं करून देण्याची धडपड वाटते. पण ही चूक वेगळी होती. पुस्तकात बघून खरं-खोटं करता येईल अशी होती, आणि ज्या कामासाठी मी गेले होते त्याच कामाच्या मुळावर येणारी होती.

कल्पना करा, मी त्या प्लँटमध्ये रुजू झाले आणि माझ्या उत्तराप्रमाणे वागले. चांगलं पाश्चराइज झालेलं दूध लॅबमध्ये येणार, पेरॉक्सिडेज पॉझिटिव्ह दिसणार, आणि मी ते नापास करणार. ऑपरेटर बिचारा वाफ वाढवणार, दूध ८० च्या पुढं जाणार, आणि पिशवीतल्या दुधाला तापवलेल्या दुधाचा वास येणार. हे तरी पैशांचं नुकसान. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या दिवशी कच्चं आणि तापलेलं दूध वेगळं ठेवणाऱ्या प्लेटला बारीक चीर पडून थोडं कच्चं दूध पाश्चराइज्ड दुधात मिसळलं, तर माझी टेस्ट आंधळी. पेरॉक्सिडेज तर चांगल्या दुधातही असतंच, मग कच्चं मिसळलंय हे कळणार कसं? फॉस्फेटेज मात्र हजार लिटरमध्ये पाच लिटर कच्चं दूध मिसळलं तरी सांगतं. मिशीवाल्या सरांना हे माहीत नसेल, हे शक्यच नव्हतं.

रात्री अकराला मी पहिला मेल लिहिला. तो पाठवला नाही, हे माझं नशीब. सुरुवात होती, "कृपया मला माफ करा, मी आज खूप नर्व्हस होते." मग दही-श्रीखंडाच्या युनिटचा सगळा इतिहास, मग ७२ अंशांचा धडा, मग "मला एकदा संधी द्यावी ही नम्र विनंती". बावीस ओळी. सकाळी वाचलं तेव्हा मलाच माझी कीव आली. तो मेल वाचून कुणाच्याही मनात राहिली असती ती माझी घाबरगुंडी. फॉस्फेटेज कुठल्या कुठे गेलं असतं.

सकाळी मला लॅबचं रजिस्टर आठवलं. माझ्या पहिल्या बॉस मॅडमनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातली व्हाइटनरची बाटली काढून घेतली होती. फॅटचं रीडिंग ३.५ च्या जागी ५.३ लिहिलं गेलं होतं आणि मी ते पांढरं करत होते. त्या म्हणाल्या, "एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. बास." मी विचारलं, "आणि चूक का झाली ते?" त्या म्हणाल्या, "ते कुणी विचारलं तर सांग." ऑडिटरला रजिस्टरात रेघ सापडली तर तो पुढचं पान उलटतो, व्हाइटनर सापडलं तर खुर्ची ओढून बसतो.

म्हणजे मेलमध्ये एवढंच हवं होतं: जुना आकडा वाचता येईल असा, बाजूला नवा, सही, तारीख. तारीख तर मेल स्वतःच घालतो.

आधी खात्री केली. हे महत्त्वाचं, कारण दुरुस्ती चुकली तर तिसरा मेल लिहिण्याची सोय नसते. कॉलेजची जुनी वही काढली, पाठ्यपुस्तकात तापमानं बघितली आणि तरीही एका डेअरीत काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "फॉस्फेटेज निगेटिव्ह, पेरॉक्सिडेज पॉझिटिव्ह. सकाळी सकाळी हे काय?" मग इंग्रजीत मेल लिहिला. मराठीत तो साधारण असा होईल:

"काल मुलाखतीत, पाश्चरायझेशन पूर्ण झाल्याची खात्री कशी कराल या प्रश्नाला मी 'पेरॉक्सिडेज निगेटिव्ह' असं उत्तर दिलं. ते चूक आहे. योग्य उत्तर: अल्कलाइन फॉस्फेटेज निगेटिव्ह. ७२ अंश आणि १५ सेकंदांना पेरॉक्सिडेज टिकून राहतं. ते निगेटिव्ह येणं ही दूध साधारण ८० अंशांच्या वर तापल्याची खूण आहे. ही दुरुस्ती कृपया पॅनेलपर्यंत पोचवावी. कालच्या वेळेबद्दल आभार."

सात वाक्यं. माफी नाही, नर्व्हस नाही, दही-श्रीखंड नाही. शेवटचं गाळताना जिवावर आलं, कारण ती सबब खरी होती, आणि त्यातून मला ९० अंशांचंही काम येतं हे दिसलं असतं. पण सबब आली की दुरुस्ती मागे पडते आणि वाचणारा सबबच तोलत बसतो. "योग्य उत्तर असं असावं असं मला वाटतं" हेही मी खोडलं. फॉस्फेटेजला माझ्या वाटण्याशी काही देणंघेणं नाही.

तेवढ्यात वाटलं, आता लिहितेच आहे तर पगाराबद्दलही दोन ओळी टाकाव्यात. हा मोह मोठा वाईट. त्या दोन ओळींनी दुरुस्तीची वाटाघाट झाली असती.

मेल कुणाला, हाही प्रश्न होता. मिशीवाल्या सरांचा पत्ता माझ्याकडे नव्हता, आणि कुठून तरी शोधून काढून थेट लिहिणं आगाऊपणाचं दिसलं असतं. मुलाखतीचं बोलावणं एचआरमधल्या एका मुलीनं पाठवलं होतं, त्याच मेलला उत्तर दिलं. विषयात पदाचं नाव आणि "एका उत्तरातील दुरुस्ती" एवढंच. सकाळी साडेदहाला पाठवला. रात्री अकराला पाठवला असता तर तळमळ दिसली असती. चार दिवसांनी पाठवला असता तर पॅनेलचे शेरे कधीच फाइलला लागून गेले असते, आणि वर शंका आली असती की हिला हे कुणीतरी नंतर सांगितलं.

आईनं विचारलं, "त्यांच्या लक्षातच आलं नसेल तर? तूच कशाला दाखवतेस?" प्रश्न चुकीचा नव्हता. तिघांपैकी दोघांच्या लक्षात खरंच आलं नसेल. पण तिसऱ्याच्या आलं असेल, तर माझ्या नावापुढं त्या कागदावर जे लिहिलं गेलं ते तसंच राहणार होतं. आणि कुणाच्याच लक्षात आलं नसेल, तर त्या डेअरीचं दूध पिण्याचा मी पुनर्विचार करावा म्हणते.

या मेलनं नोकरी मिळते असा माझा दावा नाही. उरलेली मुलाखत पडली असती तर ही ओळ मला तारू शकली नसती. आणि अशा दोन-तीन चुका झाल्या असत्या तर मी काहीच लिहिलं नसतं. रजिस्टरच्या एका पानावर तीन रेघा आल्या की मॅडम पान नव्यानं लिहायला लावायच्या नाहीत, माणूस बदलायच्या.

दुपारी उत्तर आलं, "नोटेड, थँक्स." दोन शब्दांतून अर्थ काढण्यात मी दोन दिवस घालवले.

तिसऱ्या दिवशी एचआरमधल्या त्या मुलीचा फोन आला. दुसऱ्या फेरीसाठी बुधवारी येता येईल का, म्हणाली. मी हो म्हणाले. मग जरा थांबून ती म्हणाली, "मॅडम, तुमचा तो मेल मी सरांना पाठवला होता. मला एक विचारायचं होतं. म्हणजे, पिशवीचं दूध घरी तापवायचं की नाही?"

मी तिला नीट समजावलं. फॉस्फेटेज गेलंय म्हणजे प्लँटमधून निघताना दूध सुरक्षित होतं, पण पाश्चरायझेशननं सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून ते थंड ठेवायला लागतं. दुकानदारानं पिशवी तासभर उन्हात ठेवली असेल तर ते कुठलंच एन्झाइम सांगणार नाही. तेव्हा थंडपणाची खात्री असेल तर तापवायची गरज नाही, नसेल तर तापवलेलं बरं.

"मॅडम," ती म्हणाली, "म्हणजे हो की नाही?"

मागे आईनं गॅस बारीक केला होता.