फोन लागतो, पण लेक नकाशावर घरातच

आमचं घर कोगनोळीत आणि लेकीची शाळा कागलला, म्हणजे रोज राज्याची हद्द ओलांडायची. म्हणूनच तिला सिमवालं घड्याळ घेतलं. अ‍ॅप टाकणं, घड्याळावरचा क्यूआर स्कॅन करणं, आजोबांचा नंबर फोनबुकात भरणं, सगळं बसल्या जागी झालं. घरात कॉल खणखणीत लागला.

शाळेच्या दिवशी मात्र नकाशावरचा ठिपका घरातून हलेना. कॉल केला की लेक कागलमधून बोलायची आणि अ‍ॅप तिला कोगनोळीतच दाखवायचं. घड्याळाच्या हेल्पलाइनचं एकच पालुपद, "रीसेट करा." सिमच्या दुकानात गेले तर तो म्हणाला, "वहिनी, सिम चालू हाय की, डेटा बी हाय." दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि मी हेलपाटे घालायची. आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी तेच सिम जुन्या फोनमध्ये घालून कागलला गेले. नाका ओलांडल्यावर रेंजशेजारी आर आला, इंटरनेट बंद आणि कॉल सुरू. आमचं सिम कर्नाटक सर्कलचं, पलीकडचा टॉवर महाराष्ट्र सर्कलचा. तिथे गेलं की सिम रोमिंगवर जातं. कॉलला अडचण येत नाही, पण डेटा रोमिंग बंद असेल तर इंटरनेट थांबतं, आणि घड्याळ आपली जागा इंटरनेटवरूनच पाठवतं. मग अ‍ॅप शेवटची आलेली जागा दाखवत बसतं. ठिपक्याखालची वेळ बघा. ती सकाळची असेल तर ठिपकाही सकाळचाच.

आमच्या घड्याळाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डेटा रोमिंगचं बटण होतं. ते चालू केलं आणि ठिपका शाळेवर गेला. घ्यायच्या आधी हे बटण दुकानातच दाखवायला सांगा, सगळ्या घड्याळांत ते नसतं.

हेल्पलाइनच्या नादी लागण्याआधी एक तपासणी घरूनच होते. SeTracker अ‍ॅपवर चालणाऱ्या बऱ्याच घड्याळांना आपल्या फोनवरून असा एसएमएस जातो:

```
pw,123456,ts#
```

एसएमएसला इंटरनेट लागत नाही, म्हणून हद्दीपलीकडूनही उत्तर येतं. फक्त सिमवर एसएमएसचा पॅक हवा. उत्तरात `NET:OK` दिसलं तर घड्याळाचं इंटरनेट सुरू आहे. `upload:600S` म्हणजे दर 600 सेकंदांनी जागा पाठवली जाते, त्यामुळे दहा मिनिटं ठिपका हलला नाही तर घाबरू नका.

सिम आई किंवा वडिलांच्या नावावरच घ्यावं लागतं, मुलांच्या नावावर देत नाहीत. घड्याळ फोर-जी वोल्टीचंच हवं, कारण स्वस्तातल्या टू-जी घड्याळात जिओचं सिम चालत नाही. वर्गाच्या स्लॅबखाली जीपीएस मिळत नाही, तेव्हा टॉवरच्या अंदाजाने ठिपका कधी पार दुसऱ्या गल्लीतही दिसतो.

आणि तो 123456 आधी बदला. कंपनीचा हा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो. घड्याळाचा नंबर ज्याच्या हाती लागेल, तोही असाच एसएमएस पाठवू शकतो.