नवा व्हिडिओ कोणाला पाठवायचा आणि कोणाला नाही

घरगुती शिलाई मशीनची निगा आणि किरकोळ दुरुस्ती या विषयावर मी गेली तीन वर्षे यूट्यूबवर व्हिडिओ करते आहे. पहिल्या वर्षी नवा व्हिडिओ तयार झाला की त्याची लिंक मी हाताशी असलेल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत असे. माहेर, सासर, शाळेतल्या मैत्रिणी, जुन्या नोकरीतले सहकारी असे सहा ग्रुप होते, आणि वर ‘जरूर पाहा, लाइक करा’ असा एकच ठरलेला मजकूर असे. एके दिवशी आत्याने फोन करून फार मायेने सांगितले, “अगं, तुझे व्हिडिओ मी उघडते, पण मला शिवणातलं काही कळत नाही. तुला बरं वाटावं म्हणून उघडते आणि बंद करते.” त्या वाक्याने मी अंतर्मुख झाले आणि त्याच रात्री यूट्यूब स्टुडिओतले आकडे नीट पाहायला बसले.

ॲनालिटिक्समध्ये व्हिडिओ कोणत्या वाटेने पाहिला गेला हे दाखवणारा ‘ट्रॅफिक सोर्स’चा तक्ता असतो आणि त्यातल्या ‘एक्स्टर्नल’ या नोंदीत यूट्यूबबाहेरून, म्हणजे मेसेजिंग ॲप किंवा इतर संकेतस्थळांवरून, आलेले प्रेक्षक दिसतात. प्रत्येक वाटेपुढे तिथल्या प्रेक्षकाने सरासरी किती वेळ पाहिले, हेही पाहता येते. माझ्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओत शोधातून आलेले लोक सरासरी पाच मिनिटांच्या आसपास थांबत होते, तर व्हॉट्सॲपवरून आलेले चाळीस सेकंदही टिकत नव्हते. मला त्याहून मोठा धक्का एका वेगळ्या गोष्टीचा बसला. पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षक निघून जातात असे एकत्रित आलेखावरून वाटल्याने मी मागच्या चार व्हिडिओंची सुरुवात कापून टाकली होती, आणि त्या कापाकापीत मशीन ओळखण्याचा जो भाग गेला होता, तो ज्यांना खरोखर मशीन दुरुस्त करायचे होते त्यांना हवा होता. आत्याच्या प्रेमाने उघडलेले व्हिडिओ माझ्या आकड्यांत मिसळले होते आणि त्यावरून मी चुकीचा निष्कर्ष काढला होता.

म्हणून मी सहाही ग्रुपवर एक छोटा निरोप लिहिला: यापुढे इथे व्हिडिओची लिंक येणार नाही, ज्यांना शिवणाची आवड आहे त्यांनी मला स्वतंत्रपणे कळवावे. ‘नको असल्यास सांगा’ असे मी मुद्दाम लिहिले नाही, कारण नातेवाईक नको म्हणायला संकोचतात. काहीही न करणे हाच नकार ठरेल, अशी वाट ठेवली की कोणाचेही मन मोडत नाही. एकूण सतरा जणांनी कळवले. त्यांत दोन नावे मला अजिबात अपेक्षित नव्हती. त्यांच्याकडे वर्षानुवर्षे बंद पडलेल्या मशीन होत्या.

या सतरा जणांसाठी मी आधी ब्रॉडकास्ट यादी केली. तिचा लाभ असा की निरोप प्रत्येकाला खासगीत जातो, उत्तरही खासगीत येते आणि कोणाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. पण पहिल्या निरोपाखालचा तपशील उघडला तेव्हा ‘पोहोचले’ या नोंदीखाली अकराच नावे होती, आणि दुसऱ्या दिवशीही ती अकराच राहिली. ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोहोचत नाही, हे मला तेव्हा समजले. पाठवणाऱ्याला त्याची वेगळी सूचना मिळत नाही. केवळ एक टिक तशीच राहते. सहा जणांना मी नंबर जतन करायला सांगितले, पण दर नव्या माणसाला हीच विनंती करणे मला प्रशस्त वाटले नाही. त्यामुळे आता मी व्हॉट्सॲप चॅनेल वापरते. ज्याला हवे तो स्वतः ते फॉलो करतो, कंटाळला तर न सांगता बाहेर पडतो आणि त्याचा नंबर इतर फॉलोअरना दिसत नाही. नातेवाइकांसाठी मी फक्त स्टेटस ठेवते. ते चोवीस तासांनी आपोआप जाते आणि कोणाच्याही गप्पांच्या मध्ये येत नाही.

मात्र खरे प्रेक्षक मला अनोळखी लोकांच्या शिवणकामाच्या ग्रुपमध्ये मिळाले. तिथे लिंक टाकण्यापूर्वी मी ॲडमिनना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की स्वतःहून जाहिरात चालणार नाही, मात्र कोणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिंक दिल्यास हरकत नाही. ही अट मला आजही योग्य वाटते. एकदा एका ताईंनी शिवलेल्या कापडाच्या उलट बाजूचा फोटो टाकला. तिथे दोऱ्याचे जाळे झाले होते आणि त्या बॉबिन बदलून बदलून थकल्या होत्या. मी आधी सरळ लिहिले: “खाली जाळे दिसत असले तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतच नाही. फूट वर उचला, दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा.” उत्तर इथेच पूर्ण होत होते, लिंक उघडली नसती तरी त्यांचे काम झाले असते. त्याखाली लिहिले की चकत्यांमध्ये दोरा बसताना कसा दिसतो ते इथे पाहता येईल, आणि व्हिडिओ बरोबर त्याच जागी, म्हणजे 2 मिनिटे 10 सेकंदांवर, उघडेल अशी लिंक दिली.

अशी लिंक करणे सोपे आहे. शेअर बटणातून मिळालेल्या लिंकमध्ये `?si=` असा भाग आधीच असेल तर शेवटी `&t=130` जोडावे. तो नसेल तर `?t=130` जोडावे. आकडा सेकंदांत असतो. लिंक चिकटवल्यावर लगेच पाठवू नये, खाली चित्र आणि शीर्षक उमटेपर्यंत क्षणभर थांबावे. ते न उमटता गेलेली नुसती निळी ओळ अनोळखी माणसाकडून आली की लोक तिला हात लावत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

त्या व्हिडिओवर ग्रुपमधून आलेले प्रेक्षक थोडे होते, पण त्यांचा सरासरी वेळ शोधातून येणाऱ्यांच्या जवळ जात होता. मी आता एका ग्रुपमध्ये एकच व्हिडिओ पुन्हा देत नाही; तोच प्रश्न परत आला तर आधीच्या उत्तराकडे बोट दाखवते. टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये उशिरा लिहायचे झाल्यास पाठवायचे बटण दाबून धरून आवाजाविना पाठवण्याचा पर्याय निवडते. कापलेल्या चार व्हिडिओंपैकी दोन मी पुन्हा संपादित करून टाकले आहेत. उरलेल्या दोघांचे मूळ चित्रण माझ्याकडे राहिले नाही, त्यामुळे ते तसेच आहेत आणि मशीन कसे ओळखावे हे त्यांच्या वर्णनात लिहून ठेवले आहे.