गाणारा डावीकडे का सरकतो: दोन ब्लूटूथ स्पीकर स्टिरिओत लावतानाचा माझा अनुभव

आमच्याकडे एक ब्लूटूथ स्पीकर दोन वर्षांपासून होता. या दिवाळीत भावाने अगदी तसाच, त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा दुसरा आणला. वाघबीळच्या आमच्या फ्लॅटचा हॉल फार मोठा नाही, पण टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवले तर बाबांना त्यांचं नाट्यसंगीत नीट ऐकता येईल, एवढाच विचार होता. अर्ध्या तासाचं काम समजून बसले आणि पुढचे दोन रविवार त्यातच गेले.

पहिल्या दिवशी सगळ्यात सोपं दिसलं ते केलं. माझ्या फोनमध्ये एकाच वेळी दोन ब्लूटूथ उपकरणांवर आवाज पाठवायची सोय आहे. दोन्ही स्पीकर फोनला जोडले, दोन्हीतून आवाज आला, मला वाटलं झालं. बाबांनी एक पद लावलं आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाले, "अगं, तबला दोनदा वाजतोय. आणि गाणारा जिन्यात उभा राहून गातोय की काय?"

ऐकलं तर खरंच. तबल्याच्या प्रत्येक बोलामागे त्याची सावली येत होती. स्पीकर बंद करून पुन्हा जोडले तर सावली कमी झाली. तिसऱ्यांदा जोडल्यावर उजवा आधी आणि डावा मागून वाजू लागला.

माझा मामेभाऊ कळव्याला राहतो आणि गणपतीत साउंडवाल्याबरोबर काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आधी डावा-उजवा वेगळा येतोय का ते बघ. तो येत नसेल तर टायमिंगच्या मागे लागू नकोस." एवढ्या एका वाक्याने अर्धा गुंता सुटला. डावा-उजवा तपासायच्या ध्वनिफितीत फक्त डावीकडचा आवाज वाजवला, तर तो दोन्ही स्पीकरमधून आला. म्हणजे स्टिरिओ नव्हतंच. फोन दोन्ही स्पीकरना तेच संपूर्ण गाणं दोनदा, वेगवेगळं पाठवत होता. प्रत्येक स्पीकर आलेला आवाज थोडा साठवून मग वाजवतो आणि किती साठवायचा ते आपल्यापुरतं ठरवतो. शेजारचा स्पीकर कुठवर पोचलाय हे त्याला माहीत नसतं. म्हणूनच दर जोडणीला फरक बदलत होता. असा बदलता फरक कोणत्याही सेटिंगने कायमचा जात नाही, तिथे जोडणीची पद्धतच बदलावी लागते.

(फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये मोनो ऑडिओ चालू असेल तरी दोन्हीकडून एकच आवाज येतो. माझ्या फोनवर ते बंद होतं, पण आधी तेवढं पाहून घ्यावं.)

आमच्यासारख्या स्पीकरच्या खऱ्या स्टिरिओ जोडीत फोन फक्त एका स्पीकरशी बोलतो. दुसऱ्याला त्याचा वाटा पहिला स्पीकर पोचवतो आणि कधी वाजवायचं हे दोघं आपसात ठरवतात. त्यामुळे फोनच्या यादीत एकच नाव जोडलेलं दिसतं. दोन दिसली तर ती जोडी नव्हे, हे मी आता पक्कं लक्षात ठेवलंय.

पण आमच्या स्पीकरच्या ॲपमध्ये स्टिरिओचा पर्यायच दिसेना. पार्टी मोड दिसत होता, आणि पार्टी मोड म्हणजे दोन्हीकडे तेच गाणं. शेवटी ॲपमध्ये दोन्ही स्पीकरची माहिती शेजारी शेजारी उघडली तेव्हा फर्मवेअरचा आकडा वेगळा निघाला. जुना स्पीकर दोन वर्षांत एकदाही अपडेट केलेला नव्हता. मॉडेल तेच असलं तरी आतलं सॉफ्टवेअर जुनं होतं. दोन्ही पूर्ण चार्ज केले, एकेक करून अपडेट केले. मग फोनमधून दोन्हींची नावं 'विसरा' करून काढली, कारण जुनी जोडणी शिल्लक असली की दुसरा स्पीकर चालू होताच थेट फोनला जाऊन चिकटतो आणि जोडी होऊच देत नाही. त्यानंतर आधी डावा एकटा जोडला, दुसरा चालू करून ॲपमध्ये पाहिलं, तर स्टिरिओ आलेलं होतं. डावा आवाज डावीकडून, उजवा उजवीकडून. तबल्याची सावली गेली.

बाबा खुर्चीत बसले. जरा वेळाने म्हणाले, "छान आहे. पण बुवा डावीकडे सरकून बसलेत."

ते रेकॉर्डिंग जुनं, मोनो होतं. मोनोमध्ये दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच असतं, म्हणून गाणारा बरोब्बर मधोमध ऐकू यायला हवा. नव्या स्टिरिओ गाण्यात हा दोष लपला असता, मोनोत लपला नाही. दोन्ही स्पीकरचा आवाज सारखाच ठेवला होता, म्हणून संशय वेळेच्या फरकावर गेला. पण किती? कानाने ते सांगता येईना, म्हणून मोजायचं ठरवलं.

लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि संपादित करायचं सॉफ्टवेअर घेतलं. दोन मोनो ट्रॅक केले, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे पॅन केला. `Generate` मेनूतल्या `Tone` ने दहा मिलिसेकंदांचे छोटे टक बनवले आणि ते आळीपाळीने ठेवले: डावा दुसऱ्या सेकंदाला, उजवा चौथ्या, डावा सहाव्या, उजवा आठव्या. प्रत्येक दोन टकांत बरोबर २ सेकंद. सुरुवातीला नुसती शांतता ठेवली नाही, हलका सूर ठेवला. शांततेनंतरचा पहिला आवाज कित्येक ब्लूटूथ स्पीकर गिळतात आणि मग पहिलं माप चुकतं. ही फाइल फोनवरून वाजवली आणि आईचा जुना फोन मध्ये ठेवून त्यावर रेकॉर्ड केली. ते रेकॉर्डिंग पुन्हा ऑडॅसिटीत उघडून, टक सुरू होतो तिथपर्यंत झूम करून, दोन टकांमधलं अंतर वाचलं.

युक्ती अशी की डाव्याकडून उजव्यापर्यंतचं अंतर आणि उजव्याकडून पुढच्या डाव्यापर्यंतचं अंतर, दोन्ही मोजायची. उजवा उशिरा येत असेल तर पहिलं अंतर तेवढंच वाढतं आणि दुसरं तेवढंच घटतं. दोन्हींतल्या फरकाचं निम्मं म्हणजे खरा उशीर. वाजवणाऱ्या आणि रेकॉर्ड करणाऱ्या फोनची घड्याळं जरा मागेपुढे असली तरी ती चूक यात आपोआप कटते.

आधी फोन दोन्ही स्पीकरपासून सुतळीने मोजून सारख्या अंतरावर ठेवला. अंतरं आली २.०००३ आणि १.९९९७ सेकंद. म्हणजे उशीर ०.३ मिलिसेकंद, जवळजवळ शून्य. जोडी चोख होती. मग तोच फोन बाबांच्या खुर्चीवर, त्यांचं डोकं येतं त्या उंचीवर ठेवला. आता आलं २.००३५ आणि १.९९६५. उजवा साडेतीन मिलिसेकंद मागे.

मामेभावाला आकडा सांगितला तर त्याने लगेच विचारलं, "खुर्ची एका बाजूला आहे का? फुटाला एक मिलिसेकंद धर." मंडपात लांबचे स्पीकर लावताना ते असाच हिशेब करतात. टेप लावून पाहिलं: डावा स्पीकर खुर्चीपासून ५ फूट, उजवा ९ फूट. चार फूट म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर, आणि आपल्याकडच्या उकाड्यात आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३५ सेंटिमीटर जातो. भागाकार केला की साडेतीनच येतात. स्पीकर एकाच क्षणी वाजत होते, उजव्याचा आवाज वाटेत मागे पडत होता.

एवढ्याशा फरकाने गाणारा सरकतो हे मला आधी खरं वाटलं नाही. पण आपला कान जो आवाज आधी येतो त्याच्या दिशेवर विश्वास ठेवतो. साधारण एक मिलिसेकंदापर्यंतच्या फरकाला गाणारा हळूहळू त्या बाजूला ओढला जातो, त्याहून जास्त झालं की पूर्ण त्याच स्पीकरमधून गातोय असं वाटतं. मागून येणारा आवाज वेगळा कळत नाही, तो पहिल्यातच मिसळतो. बोलणं-गाणं तीसेक मिलिसेकंदांपर्यंत असं मिसळून जातं, तबल्यासारखा तुटक आवाज त्याच्या आधीच दुहेरी ऐकू येऊ लागतो. पहिल्या दिवशीची सावली आणि आताचं सरकणं हे एकाच गोष्टीचे दोन टप्पे होते, पण कारणं पूर्ण वेगळी.

आमच्या ॲपमध्ये एका बाजूला मुद्दाम उशीर द्यायची सोय नाही. बॅलन्सचा स्लायडर आहे, तोही फिरवून पाहिला. उजवा मोठा केल्यावर बुवा थोडे मध्ये आले, पण आवाज पसरट झाला आणि बाबांनी मान हलवली की पुन्हा डावीकडे गेले. वेळेची चूक आवाज वाढवून झाकणं बाबांना पटलं नाही, मलाही नाही. मग खुर्ची दोन फूट उजवीकडे नेली, डावा स्पीकर टीव्हीजवळून काढून खिडकीच्या ग्रिलशेजारच्या स्टुलावर ठेवला. नवी अंतरं ७ फूट आणि ७ फूट ३ इंच. पुन्हा मोजलं, उशीर ०.२ मिलिसेकंद. बाबांनी तेच पद लावलं, डोळे मिटले आणि बोटाने समोर, टीव्हीच्या बरोबर मध्यावर खूण केली.

सोफ्यावरून मात्र अजूनही गाणारा एका बाजूलाच ऐकू येतो. दोन स्पीकरची मधली जागा एकच असते, ती आम्ही बाबांना दिली.

एक गोष्ट नंतर निघाली. आठवड्याने उजवा स्पीकर मधूनच अर्धा सेकंद गप्प व्हायचा. आई भाजी निवडायला दोन स्पीकरच्या मध्ये बसली की हमखास. उजव्याला आवाज डाव्याकडून हवेतून येतो, आणि ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्‌झची लहर माणसाच्या शरीरात बरीच शोषली जाते. त्यात वायफायचा राउटर उजव्या स्पीकरला खेटून होता आणि तोही २.४ वर चालत होता. राउटर दुसऱ्या भिंतीच्या फळीवर नेला, फोन ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर घेतला आणि दोन्ही स्पीकर स्टुलांवर ठेवून, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच केले. तेव्हापासून खंड नाही.

खुर्चीच्या चार पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्यात, कारण केर काढताना ती रोज हलते. रोज सकाळी बाबा ती स्वतः खुणांवर आणून ठेवतात आणि मग गाणं लावतात.